हफमन संकेत: पहिली जोडणी करण्यापूर्वी

हफमन संकेतात वारंवार येणाऱ्या नावाला 0 आणि 1 यांचा छोटा संकेत मिळतो, क्वचित येणाऱ्याला लांब; त्यासाठी दर वेळी सर्वांत लहान दोन संख्या जोडत फाट्यांचे झाड तयार करतात. आपण पहिले झाड कागदावरच काढावे, कारण बहुतेकांची चूक दुसऱ्याच जोडणीत होते. समजा, मिरकरवाडा बंदरावरील 40 लिलावांच्या नोंदवहीत बांगडा 18, तारली 7, कोळंबी 6, सुरमई 5 आणि पापलेट 4 वेळा आले आहे.

सर्वांत कमी असलेले पापलेट आणि सुरमई जोडले की 9 चा गट होतो. येथे नवशिका त्याच गटाला कोळंबी चिकटवून पुढे जातो. परंतु गट यादीत परत ठेवून पाहिल्यास आता सर्वांत लहान संख्या 6 आणि 7 आहेत, म्हणून कोळंबी आणि तारली यांचा 13 चा वेगळा गट होतो. मग 9 आणि 13 मिळून 22, आणि शेवटी बांगड्याचे 18 मिळवून 40.

प्रत्येक फाट्यावर एका बाजूस 0, दुसऱ्या बाजूस 1 लिहून मुळापासून टोकापर्यंत वाचावे:

```
बांगडा 0
तारली  100
कोळंबी 101
सुरमई  110
पापलेट 111
```

माशांची नावे केवळ टोकांवरच असल्यामुळे कोणताही संकेत दुसऱ्याची सुरुवात ठरत नाही.

पडताळा सोपा आहे: जोडण्यांच्या बेरजा 9, 13, 22, 40 मिळवल्या की एकूण 84 बिट येतात. वरील चुकीच्या वाटेने 86 येतात, आणि प्रत्येकाला तीन बिट दिले असते तर 120 लागले असते.

समान संख्या आल्यास कोणतीही जोडी निवडावी. संकेत बदलतील, एकूण बिट बदलणार नाहीत.