बी.कॉम. मधेच थांबवायचं झालं तर क्रेडिट्सचं काय होतं?

“मुलाचं बी.कॉम. पहिलं वर्ष आत्ताच संपलं, दुसऱ्या सेमला अकाउंट्सचा पेपर राहिलाय. त्याच्या बाबांचं ऑपरेशन झाल्यापासून उद्यमनगरातलं वर्कशॉप बघायला कोणी नाही, वर्षभर तरी त्यालाच बसावं लागणार. कोणी म्हणतंय एक्झिट घ्या, मार्क बँकेत राहतात. खरंच राहतात का, आणि परत आला की कॉलेज घेईल का? – एक आई, कोल्हापूर”

ताई, ही बँक म्हणजे सरकारची अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, तिथं मार्क नाही, क्रेडिट राहतात, आणि तेसुद्धा पास झालेल्या विषयांचेच. आपल्याकडच्या नव्या पॅटर्नमध्ये साधारण एका सेमला 22 क्रेडिट असतात. समजा त्याचा राहिलेला पेपर 4 क्रेडिटचा आहे, तर पहिल्या सेमचे 22 आणि दुसऱ्याचे 18 असे 40 त्याच्या खात्यावर दिसायला पाहिजेत. उरलेले 4 तो पेपर सुटल्यावरच जमा होतील, त्याआधी नाही.

आता एक्झिटचं. नुसतं कॉलेजला जायचं बंद केलं म्हणजे एक्झिट झाली असं नाही हं, बरेच पालक इथंच फसतात. एक्झिट वर्षाच्या शेवटीच मिळते आणि त्यासाठी कॉलेजकडं अर्ज करावा लागतो, मग पहिल्या वर्षानंतर यूजी सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा. महाराष्ट्राच्या पॅटर्नमध्ये या सर्टिफिकेटला 44 क्रेडिट लागतात आणि वर आणखी 4 क्रेडिटचा स्किल कोर्स नाहीतर इंटर्नशिप. इंटर्नशिपचा एक क्रेडिट म्हणजे 30 तास, म्हणजे चार क्रेडिटला 120 तास. म्हणजे तुमच्या मुलाचं आज दोन ठिकाणी अडलंय, एक तो पेपर आणि दुसरं हे 120 तास. एखाद्या सीएकडं किंवा टॅक्स कन्सल्टंटकडं जीएसटीचं काम करून हे तास भरता येतात का, आणि घरच्याच वर्कशॉपचे हिशोब चालतील का, हे विभागप्रमुखांना आधी विचारा. काम करून झाल्यावर विचारलं आणि त्यांनी नाही म्हटलं तर तास वाया जातील.

सर्टिफिकेट नाही घेतलं तरी मिळवलेले क्रेडिट उडून जात नाहीत, हे मात्र डोक्यात ठेवा. मला तर वाटतं सर्टिफिकेटच्या मागं लागण्यापेक्षा तो पेपर सोडवणं जास्त गरजेचं आहे, कारण परत आल्यावर तिसऱ्या सेमचा अभ्यास आणि जुना अकाउंट्स एकदम डोक्यावर आला की पोरं तिथंच गळतात. दुकानात बसूनसुद्धा एका पेपरचा अभ्यास होतो.

परत यायचं तर यूजीसीच्या चौकटीप्रमाणे बाहेर पडल्यापासून 3 वर्षांत यायचं आणि पहिल्या प्रवेशापासून 7 वर्षांत डिग्री पूर्ण करायची. प्रवेश 2025 चा असेल आणि तो 2026 ला बाहेर पडला, तर 2029 पर्यंत परत आणि 2032 पर्यंत डिग्री. बँकेतले क्रेडिटसुद्धा जास्तीत जास्त 7 वर्षंच टिकतात. पण खात्यावर क्रेडिट आहेत म्हणून जागा राखीव आहे असं समजू नका. ही बँक फक्त हिशोब ठेवते, प्रवेश कॉलेज देतं आणि डिग्री विद्यापीठ देतं. सीट रिकामी आहे का, मधल्या काळात सिलॅबस बदलला का, ते त्या वेळी कॉलेजच बघणार. म्हणून बाहेर पडतानाच परत येण्याची पद्धत काय आहे ते लेखी घेऊन ठेवा, आणि टीसी गरज नसताना काढू नका.

आणि हे या आठवड्यातच करा. abc.gov.in वर डिजिलॉकरमधून लॉगिन करायला सांगा, तिथं त्याचा 12 आकडी अपार आयडी आणि जमा झालेले क्रेडिट दिसतात. क्रेडिट तो स्वतः भरू शकत नाही, विद्यापीठाकडून निकालाबरोबर माहिती चढते तेव्हाच दिसतात. खातं रिकामं दिसलं तर घाबरू नका, आधी आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे आणि मार्कशीटवर आडनाव आधी आहे, किंवा स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त आहे, एवढ्यानंसुद्धा अडतं. जन्मतारीखही बघा. सगळं जुळत असेल आणि तरी काही नसेल तर कॉलेजच्या परीक्षा विभागात दोन्ही मार्कशीट आणि आयडी घेऊन जा, आणि अर्जाची पोच घ्या. तो कॉलेजात आहे तोवर हे काम एका फेरीत होतं, वर्षभरानं गेलात तर रेकॉर्ड शोधण्यापासून सुरुवात होईल.

एक पर्याय अजून आहे, शिवाजी विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण केंद्राकडून बी.कॉम. करायचा, म्हणजे वर्कशॉप बघत शिक्षण चालू राहील. तिथं जाऊन एकच विचारा, या 40 क्रेडिटपैकी किती धरणार आणि कुठल्या सेमला बसवणार. उत्तर तिसरं सेम असं आलं तर मी एक्झिटऐवजी हाच रस्ता धरेन, पहिल्यापासून सुरू करा म्हणाले तर नको.