शिफ्ट ड्यूटी आणि शेअर बाजार: स्कॅल्पिंग करू की थांबू?

प्रश्न: ताई, मी ३४ वर्षांचा, नंदेसरीला एका केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट ड्यूटी करतो. घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी. ५ लाख बाजूला आहेत. माझा मित्र स्कॅल्पिंग करतो, रोज हजार-दीड हजार सुटतात म्हणतो. मीही सुरू करू का? की डे ट्रेडिंग, स्विंग, की नुसतं लाँग टर्म? मागच्या वर्षी इंट्राडेत घेतलेला एक शेअर पडला म्हणून विकला नाही, डिलिव्हरीत घेऊन टाकला. अजून पडून आहे.

उत्तर: तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, पण त्याकडे थोड्या वेळाने येते. आधी मित्राचे हजार-दीड हजार.

स्कॅल्पिंग म्हणजे काही सेकंदांत किंवा दोन-चार मिनिटांत रुपया-दीड रुपया काढून बाहेर पडणं. समजा ५०० रुपयांचे २०० शेअर घेतले आणि ५०१ ला विकले. स्क्रीनवर २०० रुपये हिरवे दिसतात. आता ब्रोकरकडून येणारी व्यवहाराच्या हिशेबाची कॉन्ट्रॅक्ट नोट उघडा. येताना-जाताना २०-२० रुपये ब्रोकरेज धरलं, विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी हा व्यवहार कर म्हणजे २५ रुपये, वर एक्स्चेंजचा आकार, स्टँप ड्यूटी आणि जीएसटी. सगळे मिळून साधारण ८२ रुपये जातात. हातात उरले ११८. उलट शेअर रुपयाने पडला आणि तुम्ही शिस्तीत बाहेर पडलात, तर २०० अधिक ८२, म्हणजे २८२ गेले. दहापैकी सहा व्यवहार बरोबर आले तरी दिवसाअखेर ४२० रुपयांचा खड्डा पडतो. निव्वळ बरोबरीत यायलाच दहापैकी सातांहून थोडे जास्त व्यवहार जिंकावे लागतात, तेही रोज.

माझ्या रावपुऱ्यातल्या ऑफिसात एक गृहस्थ असाच हिशेब घेऊन आले होते. ॲपवर महिनाभराचा नफा दिसत होता, म्हणून खूश होते. आम्ही दोघांनी बसून कॉन्ट्रॅक्ट नोटांवरचे सगळे आकार पेन्सिलने एका रकान्यात उतरवले. बेरीज नफ्याच्या पुढे गेली तेव्हा ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. तुमच्या मित्राला एवढंच विचारा: तो हजाराचा आकडा आकार वजा करून आहे का?

सेबीने जुलै २०२४ मध्ये शेअरमधल्या इंट्राडेचा, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचा, अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ मध्ये दर दहा जणांमागे सात तोट्यात होते, आणि वर्षाला ५०० हून जास्त व्यवहार करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होतं. जास्त व्यवहार करणारे जास्त तोट्यात का, त्याचं एक मोठं कारण वरच्या ८२ रुपयांत आहे.

आता वेळ. बाजार सव्वानऊ ते साडेतीन. फर्स्ट शिफ्टला तुम्ही प्लांटमध्ये, आणि केमिकल प्लांटमध्ये मोबाईल बहुधा गेटवरच जमा होतो. तो आठवडा गेला. सेकंड शिफ्टला सकाळ मिळते, पण एकच्या सुमारास निघायचं, म्हणजे दिवसाचा व्यवहार अर्धवट सोडून. उरली नाइट शिफ्ट. रात्रभर जागून साडेसातला घरी यायचं आणि सव्वानऊला स्क्रीनसमोर बसायचं. स्कॅल्पिंगला प्रत्येक सेकंदाला जागं डोकं लागतं. झोपेला आलेल्या माणसाचा हात स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या तोट्याला बाहेर पडायची ऑर्डर, काढून टाकण्याकडे जातो, आणि तीच झोप घेऊन तुम्हाला पुन्हा रात्री प्लांटमध्ये उभं राहायचंय. हे मला पैशापेक्षाही जास्त काळजीचं वाटतं. डे ट्रेडिंगमध्ये एका व्यवहारात जास्त पैसे सुटू शकतात, त्यामुळे आकार कमी बोचतात. वेळेची अडचण मात्र तीच.

आणि आता तो पडून असलेला शेअर. तुम्ही दिवसाचा व्यवहार म्हणून घेतला आणि तोटा दिसल्यावर त्याचं नाव बदलून गुंतवणूक केलं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तोटा पक्का करताना बहुतेकांचा हात थांबतो. पण या स्वभावाला कमी वेळेच्या ट्रेडिंगमध्ये जागा नाही. तिथे चूक मान्य करायला काही सेकंद मिळतात, आणि दिवसातून दहा वेळा मान्य करावी लागते. ब्रोकर इंट्राडेवर पाचपट मार्जिन देतो, म्हणजे खात्यातल्या पैशांच्या पाचपटीपर्यंत शेअर घेऊ देतो. तेव्हा ‘डिलिव्हरीत घेऊन टाकू’ म्हणायची सोयही राहत नाही, कारण पूर्ण पैसे खात्यात नसतात. साडेतीनच्या थोडं आधी ब्रोकरच मिळेल त्या भावाला विकून टाकतो.

म्हणून स्कॅल्पिंग आणि डे ट्रेडिंग या दोन्हींना माझं उत्तर नाही असंच आहे.

स्विंगचा विचार करता येईल, पण लहान रकमेने. काही दिवस ते काही आठवडे शेअर धरायचा, निर्णय रात्री शांतपणे घ्यायचा. १ लाख वेगळे काढा आणि एका व्यवहारात १ हजाराहून जास्त जाऊ द्यायचे नाहीत असं ठरवा. शेअर ५०० ला, स्टॉपलॉस ४८५ ला, म्हणजे शेअरमागे १५ रुपयांची जोखीम. हजाराला पंधराने भागलं की ६६ शेअर, म्हणजे ३३ हजार रुपये. लक्ष्य ५३०. सगळे आकार शंभर-दीडशेच्या आसपास. इथे दहापैकी चार व्यवहार जिंकलात तरी हाती थोडं उरतं. स्टॉपलॉस आणि लक्ष्य दोन्ही जीटीटी ऑर्डरमध्ये, म्हणजे ठरलेला भाव आला की आपोआप जाणाऱ्या ऑर्डरमध्ये, टाकून ठेवले की गेटवर मोबाईल जमा करायला हरकत नाही.

स्विंगचा ताण वेगळा, तो रात्रीचा. संध्याकाळी कंपनीचा वाईट निकाल आला आणि सकाळी भाव थेट ४६० ला उघडला, तर ४८५ चा स्टॉपलॉस तुम्हाला वाचवत नाही. विक्री ४६० च्या आसपासच होणार किंवा लिमिट ऑर्डर तशीच पडून राहणार, आणि हजाराऐवजी अडीच हजारांहून जास्त जाणार. निकालाची तारीख कंपनी आधीच एक्स्चेंजला कळवते. त्या तारखेआधी बाहेर पडायचं, हा नियम मोडू नका.

उरलेल्या चारांपैकी २ लाख एफडीत ठेवा, घरखर्चाची सोय म्हणून. मुलगी लहान आहे आणि पगार एकच दिसतो. बाकीचे २ लाख निफ्टी इंडेक्स फंडात, दहा महिने २०-२० हजार करून. यात वेळ जवळजवळ लागतच नाही, पण ताण नाही असं समजू नका. २०२० मध्ये जानेवारीच्या शिखरापासून २३ मार्चपर्यंत निफ्टी जवळपास ३८ टक्के पडला होता. दोन लाखांचे सव्वा लाख दिसायचे. तोटा दिसला की विकायचं नाही, हा तुमचा स्वभाव इथे उपयोगी पडेल, कारण फंडात पन्नास कंपन्या आहेत. एकट्या शेअरला मात्र तोच स्वभाव बुडवू शकतो.

स्विंगचे खरे पैसे लगेच घालू नका. आधी तीन महिने एका वहीत वीस व्यवहार कागदावरच करा: तारीख, भाव, स्टॉपलॉस, आणि स्टॉपलॉस लागला त्या दिवशी मनात काय आलं ते. पडून असलेला शेअरही पहिल्या पानावर लिहा, घेतलेला भाव आणि आजचा भाव घालून. सेकंड शिफ्टच्या एखाद्या सकाळी ती वही घेऊन या, आपण पान पान बघू. त्या शेअरचं काय करायचं तेही तेव्हाच ठरवू.