सर्व्हेअरच्या कमी आकारणीवर हरकत घेताना

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च कमी धरला आहे आणि त्यावर तुम्हाला हरकतीचे पत्र लिहायचे आहे. इंदूरच्या दोन गॅरेजांची एस्टिमेट तुमच्याकडे आहेत, पण पत्रात केवळ एकूण रकमेतला फरक लिहू नका. आधी विमा कंपनीकडून सर्व्हे रिपोर्टची प्रत मागवा आणि प्रत्येक भाग एस्टिमेटशी ताडून पाहा. माझ्या पाच महिन्यांच्या गाडीला ४८,००० रुपयांऐवजी २९,००० मंजूर झाले होते. त्यातले ७,००० प्लास्टिकच्या बंपर-ग्रिलवरील ५० टक्के घसाऱ्याचे होते. घसारा न कापणारे झीरो डेप कव्हर नसल्याने ती कपात योग्यच होती. खरा वाद १२,००० रुपयांचा होता, कारण दरवाजा बदलण्याऐवजी ठोकून सरळ करण्याचेच ३,००० धरले होते. बिजागराजवळ पत्रा फाटल्याचे फोटो आणि दोन्ही गॅरेजांचे लेखी कारण जोडून मी फेरतपासणी मागितली. तुम्हीही फेरतपासणी होईपर्यंत वादातला भाग काढू देऊ नका. पुरावा तोच आहे.