आरओई बदलला, पण नेमकं काय बदललं?

प्रश्न : हिंदुस्तान युनिलिव्हरचा आरओई २०१९-२०मध्ये ८४ टक्के होता, पुढच्याच वर्षी तो १७ टक्क्यांवर आला. नफा तर वाढला होता. मग धंदा बिघडला असं म्हणायचं का?

आरओई म्हणजे निव्वळ नफा भागिले भागधारकांचा निधी, म्हणजेच नेटवर्थ. हा एकच आकडा बघत बसलं तर उत्तर सापडत नाही. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत आहे. तिच्यात या आकड्याचे तीन तुकडे पाडतात. पहिला, विक्रीच्या दर रुपयामागे नफा किती उरतो (मार्जिन). दुसरा, मालमत्तेच्या दर रुपयामागे विक्री किती होते (उलाढाल). तिसरा, भागधारकांच्या दर रुपयामागे मालमत्ता किती उभी आहे (लिव्हरेज). या तिघांचा गुणाकार केला की आरओई मिळतो.

कंपनीचे स्वतंत्र, म्हणजे उपकंपन्या न धरलेले आकडे घेऊ. २०१९-२०मध्ये उत्पन्न सुमारे ३८,८०० कोटी रुपये आणि नफा ६,७४० कोटी होता. वर्षाअखेरीस एकूण मालमत्ता १९,६०० कोटी आणि नेटवर्थ ८,००० कोटी होतं. पुढच्या वर्षी उत्पन्न ४६,००० कोटी, नफा ७,९५० कोटी, मालमत्ता ६८,१०० कोटी आणि नेटवर्थ ४७,४०० कोटी झालं.

आता तुकडे पाडा. मार्जिन १७.४ टक्क्यांवरून १७.३ टक्के झालं, म्हणजे जागचं हललं नाही. उलाढाल १.९८ वरून ०.६८ वर, जवळपास एक तृतीयांशावर आली. लिव्हरेज २.४५ वरून १.४४ झालं. सगळी घसरण शेवटच्या दोन तुकड्यांत आहे, म्हणून कारण साबण-चहाच्या विक्रीत नव्हे, ताळेबंदात शोधायचं.

१ एप्रिल २०२० पासून ग्लॅक्सो स्मिथक्लाइन कन्झ्युमर हेल्थकेअर ही हॉर्लिक्स-बूस्टवाली कंपनी हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये विलीन झाली. तिच्या एका शेअरला हिंदुस्तान युनिलिव्हरचे ४.३९ शेअर या प्रमाणात मोबदला नव्या शेअरच्या रूपात दिला गेला. त्यामुळे नेटवर्थमध्ये एका दिवसात सुमारे ४० हजार कोटींची भर पडली. समोरच्या बाजूला मालमत्तेत गुडविल, म्हणजे घेतलेल्या मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त मोजलेली रक्कम, आणि ब्रँड मिळून सुमारे ४५ हजार कोटी आले. कारखाने आणि माल त्या मानाने थोडेच आले.

इथे एक चाचणी करून बघा. २०२०-२१च्या मालमत्तेतून ते ४५ हजार कोटी वजा केले, तर २३,१०० कोटी उरतात आणि उलाढाल १.९९ येते. म्हणजे गोदामं, यंत्रं, उधारी या रोजच्या धंद्यातल्या मालमत्तेचा वेग पूर्वीइतकाच होता. धंदा बिघडला नव्हता.

पण म्हणून ‘ही फक्त हिशेबाची करामत’ असं म्हणून पुढे जाऊ नका. ते ४० हजार कोटी जुन्या भागधारकांनी आपला हिस्सा कमी करून दिले आहेत. नफ्यातली सगळी वाढ, सुमारे १,२०० कोटी, या व्यवहाराच्या खात्यावर टाकली तरी वाढीव नेटवर्थवरचा परतावा पहिल्या वर्षी जेमतेम ३ टक्के पडतो. गुडविल वगळून केलेला हिशेब धंद्याची तब्येत सांगतो, धरून केलेला हिशेब व्यवस्थापनाने भांडवल कसं लावलं ते सांगतो. दोन्ही ठेवा, मात्र एकमेकांत मिसळू नका.

प्रश्न : सूत्रात वर्षाअखेरची मालमत्ता आणि नेटवर्थ घ्यायचं की सरासरी? वेगवेगळ्या संकेतस्थळांवर वेगवेगळे आकडे दिसतात.

एरवी सरासरी बरी, कारण नफा वर्षभराचा असतो आणि ताळेबंद एका दिवसाचा. पण वरच्याच उदाहरणात सरासरी फसवते. ८,००० आणि ४७,४०० कोटींची सरासरी २७,७०० कोटी येते आणि आरओई जवळपास २९ टक्के दिसतो. विलीनीकरण तर वर्षाच्या पहिल्याच दिवशी लागू झालं होतं, त्यामुळे नवं भांडवल पूर्ण बारा महिने वापरात होतं. म्हणून त्या वर्षी अखेरचा आकडाच खरा. मोठं विलीनीकरण, बायबॅक म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं, किंवा नवी शेअरविक्री झाली असेल, तर ती कोणत्या महिन्यात झाली ते आधी पाहा आणि मग ठरवा. तिन्ही तुकड्यांत पद्धत मात्र एकच हवी, नाहीतर गुणाकार जुळणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे एका छोट्या कंपनीचे शेअर आहेत. तिचा आरओई १५ वरून १८ टक्के झाला. मार्जिन ६ वरून ५ टक्क्यांवर आलं, तरी आरओई वाढला. हे चांगलं की वाईट?

तुम्ही पाठवलेले आकडे असे : विक्री १०० वरून १२६ कोटी, नफा ६ वरून ६.३ कोटी, मालमत्ता ८० वरून १०५ कोटी, नेटवर्थ ४० वरून ३५ कोटी. उलाढाल १.२५ वरून १.२ झाली, लिव्हरेज २ वरून ३. नेटवर्थ घटलं आहे ते बायबॅकमुळे, आणि त्यासाठी कर्ज काढलेलं दिसतं.

मार्जिन घटलं म्हणून स्पर्धा वाढली असेल, असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. निव्वळ नफा व्याज वजा करून येतो, म्हणून कर्जाचा परिणाम दोन ठिकाणी उमटतो : लिव्हरेज वाढतं आणि मार्जिन घटतं. यासाठी मार्जिन आणखी फोडावं लागतं. व्याज आणि करापूर्वीचा नफा पाहा. तो ९.५ वरून १२.६ कोटी झाला आहे, म्हणजे विक्रीच्या ९.५ वरून १० टक्के. व्याज मात्र १.५ वरून ४.२ कोटींवर गेलं. उरलेल्यातून २५ टक्के कर गेला की ६ आणि ६.३ कोटीच राहतात. विक्रीवरची पकड सैल झालेली नाही, मार्जिन व्याजाने खाल्लं.

आता व्याज-करापूर्वीचा नफा मालमत्तेशी लावा. आधी ११.९ टक्के होता, आता १२. धंदा जिथे होता तिथेच आहे, वाढलेले तीन टक्के कर्जातून आले आहेत. मंदीत विक्री घसरून व्याज-करापूर्वीचा नफा एक तृतीयांशाने घटला, तर १२.६ चे ८.४ कोटी होतील. व्याज तेवढंच राहील, हातात ३.१५ कोटी उरतील आणि आरओई थेट निम्मा, ९ टक्के होईल. विक्री स्थिर असलेल्या कंपनीला हे झेपतं, चढउतार असलेल्या धंद्यात मी या वाढीला सुधारणा म्हणणार नाही. वार्षिक अहवालात कर्जाचे हप्ते कोणत्या वर्षी येतात ते जरूर पाहा.

प्रश्न : हीच पद्धत बँकेला लावता येते का?

जशीच्या तशी नाही. बँकेत ठेवी हाच कच्चा माल असतो, त्यामुळे लिव्हरेज दहाच्या आसपास असणं नेहमीचं आहे आणि ‘विक्री’ला फारसा अर्थ राहत नाही. तिथे दोनच तुकडे ठेवा : एकूण मालमत्तेवरचा परतावा आणि लिव्हरेज. पहिला १.२ टक्के आणि दुसरं १० पट असेल, तर आरओई १२ टक्के. बँकेने नवे शेअर विकून भांडवल उभारलं की लिव्हरेज उतरतं आणि आरओई काही काळ घसरतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. उलट, जुन्या थकीत कर्जांवरची तरतूद, म्हणजे ती बुडतील म्हणून नफ्यातून बाजूला काढायची रक्कम, कमी लागल्यामुळे मालमत्तेवरचा परतावा अचानक चढला असेल, तर तरतुदीपूर्वीचा नफा तेवढाच वाढला आहे का, ते आधी तपासा. वाढला नसेल, तर तो आरओई पुढच्या वर्षी टिकेल असं धरू नका.