एक्स-रे नॉर्मल, तरी मागे वाकताना कंबर दुखते

"मुलगा १६ वर्षांचा, उजव्या हाताचा फास्ट बॉलर. कंबरेत डावीकडे दुखतं, मागे वाकला की जास्त. एक्स-रे नॉर्मल आहे. उसण समजून मॅच खेळू द्यावी का?"

नको दादा, बॉलिंग आजच थांबवा. मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे. उसण भरली असती तर बहुधा पुढे वाकताना धरलं असतं आणि आठ-दहा दिवसांत ओसरलं असतं. मागे वाकताना, तेही एकाच बाजूला दुखणं वेगळं.

मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो, त्याला पार्स म्हणतात. मागे वाकलं की वरखालचे सांधे एकमेकांवर दाबले जातात आणि तो ताण या पुलावर येतो. उजव्या हाताचा बॉलर डावा पाय आपटतो तेव्हा कंबर एकाच वेळी मागे, डावीकडे आणि पिळून वळते, म्हणून दुखापत बहुतेक डावीकडेच सापडते. तार पुन्हा पुन्हा वाकवून तुटावी तसं हे हाड हळूहळू चिरतं, यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. सोळाव्या वर्षी ते पुरतं पक्कं झालेलं नसतं.

खानापूरकडचा असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. डाव्या पायावर उभं करून मागे वाकायला सांगितलं, तर त्यानं अंगठा कण्यापासून दोन बोटांच्या अंतरावर नेमका टेकवला. पुढे वाकून मात्र तो सहज पायाची बोटं धरत होता. या चाचणीवरून संशय घ्यायचा, निदान करायचं नाही. त्याचाही एक्स-रे स्वच्छ होता, कारण सुरुवातीला हाडात फक्त सूज असते आणि ती एमआरआयवर दिसते. त्याच्या कंबरेच्या पाचव्या मणक्यात डावीकडे ती दिसली.

तुम्हीही हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि एमआरआयच्या चिठ्ठीवर 'फास्ट बॉलर, पार्सचं स्ट्रेस फ्रॅक्चर आहे का पाहा' असं लिहून घ्या. नुसती गादी बघायला काढलेल्या एमआरआयमध्ये हे निसटू शकतं. सूज असतानाच सापडलं तर हाड बहुधा भरून येतं. चीर जुनी झाली की कडा जुळणं अवघड होतं, आणि दोन्ही बाजूंना गेली तर मणका पुढे सरकण्याची भीती असते.

त्या मुलानं बॉलिंग पूर्ण बंद ठेवली. चालणं, मग पोट-कंबरेचे व्यायाम, मग धावणं, आणि काही महिन्यांनी अर्ध्या रनअपनं मोजके बॉल. दुखणं तीन-चार आठवड्यांतच थांबलं होतं. घरच्यांना आवरणं सगळ्यात कठीण गेलं ते तेव्हाच, कारण दुखायचं थांबलं तरी हाड भरलेलं नसतं. गोळी घालून, पट्टा बांधून खेळवणारे याच टप्प्यावर चीर वाढवून घेतात. चार ते सहा महिने, कधी त्याहून जास्तही, धरून चला. बुमराहलाही २०१९ मध्ये कंबरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे बाहेर बसावं लागलं होतं.

पायात मुंग्या, बधिरपणा, रात्री झोपमोड करणारं दुखणं किंवा ताप असेल तर एमआरआयच्या तारखेची वाट बघू नका. लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या.