भोपळ्याच्या शेजारामुळे काकडी कडू होत नाही

प्रश्न : साहेब, गोराईला घरामागच्या तीन गुंठ्यांत काकडी आहे. बाजूच्याच मांडवावर दुधी आणि लाल भोपळा चढवलाय. पहिल्या दोन तोड्यांची काकडी चांगली होती, मार्च संपता संपता कडू निघायला लागली. सगळे म्हणतात, भोपळ्याचे पराग लागले. मांडव काढून टाकू का? बोटाएवढ्या काकड्या पिवळ्या पडून गळतात, तेही त्यामुळेच का? आणि मुलगी म्हणते, पुस्तकात काकडी हे फळ आहे. मग फळझाडाचं खत द्यायचं का?

उत्तर : मांडव राहू द्या. मुलीचे म्हणणे बरोबर आहे, आणि तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात. त्यासाठी उद्या सकाळी काकडीच्या वेलावर दोन फुले शोधा. एकाचा देठ सरळ, बारीक असेल. ते नर फूल. दुसऱ्याच्या पाकळ्यांखाली करंगळीच्या पेराएवढी लवदार काकडी आधीच दिसेल. ते मादी फूल, आणि ती इवलीशी काकडी म्हणजे त्या फुलाचा बीजांडकोश. परागीभवन झाले की हाच बीजांडकोश वाढतो आणि त्यातल्या बीजांडांच्या बिया होतात. वनस्पतिशास्त्रात फळ म्हणतात ते यालाच. पालक हे पान, मुळा हे मूळ, तशी काकडी हे फळ.

आता तोडलेली काकडी हातात घ्या. देठाच्या विरुद्ध टोकाला वाळलेल्या फुलाची खूण असते. टोमॅटोची हिरवी पाकळी देठाकडे राहते, कारण त्याचा बीजांडकोश फुलाच्या आत असतो. काकडीचा फुलाच्या खाली असतो, म्हणून फूल टोकाला जाते. काकडी आडवी कापली तर बियांचे तीन भाग दिसतात. दुधी, कारले, लाल भोपळा कोवळे असताना असेच आडवे कापून बघा, तीच तीनाची मांडणी दिसेल. जाड सालीच्या, गरात बिया असलेल्या या फळप्रकाराला पेपो म्हणतात, आणि या सगळ्या वेलींचे कूळ एकच, कुकुर्बिटेसी. आपण शेतीत त्यांना वेलवर्गीय पिके म्हणतो. कलिंगडही याच कुळातले. वाशीच्या बाजार समितीत कलिंगड फळ मार्केटात उतरते आणि काकडी भाजीपाल्यात, पण ती विभागणी आपण कसे खातो यावरून झालेली आहे.

खताचेही तसेच. आंब्या-चिकूचे वेळापत्रक महिना-दोन महिन्यांच्या वेलाला लावू नका, भाजीपाल्याचीच मात्रा द्या. नत्र जास्त झाले तर वेल नुसता पानांनी माजतो.

आता परागांचा आरोप. काकडीचा गर हा मादी फुलाच्या बीजांडकोशाच्या भिंतीपासून तयार होतो, म्हणजे तो पूर्णपणे आईचा असतो. परागातून येणारा बापाचा वाटा फक्त बीच्या आतल्या रोपात जातो. त्यामुळे पराग कोणाचाही असो, या हंगामातल्या गराची चव त्याने कडू होत नाही. पॉलिहाऊसमधल्या काकडीच्या बऱ्याच जाती तर परागाशिवायच फळ धरतात.

शिवाय भोपळ्याचा पराग काकडीत बी धरवूच शकत नाही. कूळ एक असले तरी घरे वेगळी आहेत. काकडी कुकुमिस या प्रजातीतली, तिच्या पेशीत गुणसूत्रांच्या ७ जोड्या. लाल भोपळा कुकुर्बिटा प्रजातीतला, त्याच्या २० जोड्या. दुधी लॅजेनारिया प्रजातीतला, त्याच्या ११. नावात भोपळा असला तरी दुधी आणि लाल भोपळा यांचाही आपसात संकर होत नाही. दुधी मूळचा आफ्रिकेकडचा आणि आपल्याकडे फार जुना, तर लाल भोपळा अमेरिकेतला, १४९२ नंतर इकडे आलेला. काकडी मात्र इथलीच, तिची जंगली कडू भावंडे आजही हिमालयाच्या पायथ्याशी सापडतात. चिबूड आणि वाळूक ही काकडीच्याच प्रजातीतली, म्हणजे सख्खी म्हणावीत अशी, पण त्यांच्या १२ जोड्या असल्याने तिथेही संकर जमत नाही. काकडीचा संकर होतो तो काकडीशीच. कोकणातले तवसे हीसुद्धा काकडीच, तेव्हा तवशाशी तो सहज होतो.

फुलांच्या वेळाही बघा. काकडी आणि लाल भोपळा सकाळी फुलतात, दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते. दुधी आणि काकडीची फुले एकमेकांच्या वेळेला क्वचितच भेटतात.

नाते एका ठिकाणी मात्र उपयोगी पडते. काकडीचे कलम भोपळ्याच्या खुंटावर जगते, आणि मातीतल्या रोगांना तोंड देण्यासाठी असे कलम व्यापारी शेतीत करतात. बीज धरण्याइतके जवळचे नसले तरी कलम जुळण्याइतके हे दोघे जवळचे आहेत. तोटा असा की शत्रूही सामाईक आहेत. फळमाशी, तांबडे भुंगेरे, भुरी, केवडा हे एका वेलावरून दुसऱ्यावर जातात. भोपळ्याच्या जागी पुढच्या हंगामात काकडी घेतली तर पीक बदलले असे होत नाही. तिथे चवळी किंवा पालेभाजी घ्या.

मग कडूपणा आला कुठून? या कुळातल्या वेलींत कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. कीड आणि गुरे दूर राहावीत म्हणून वेल ती तयार करतो. लागवडीच्या काकडीत ती बहुतेक पानांपुरती राहतात आणि फळात फार थोडी उतरतात, पण वेलाला ताण बसला की फळातले प्रमाण वाढते. तुमच्या लिहिण्यातली खूण स्पष्ट आहे. पहिले दोन तोडे चांगले आणि नंतरचे कडू, म्हणजे दोष बियाण्यात नाही. बियाणे कडू असते तर पहिल्या काकडीपासून कडू लागली असती, आणि तीही ठराविक वेलांचीच. सगळ्या वेलांची काकडी उन्हाबरोबर कडू होत गेली असेल तर कारण पाणी आणि उष्णता.

गोराईसारख्या किनारपट्टीच्या रेताड जमिनीत पाणी टिकत नाही. एकदम भरपूर देऊन दोन दिवस विसरलो तर मधल्या काळात वेल दुपारी मान टाकतो, आणि वाढत्या काकडीत कडूपणा तेव्हाच उतरतो. फळ धरल्यावर एका वेलाला दिवसाला साधारण २ ते ३ लिटर पाणी लागेल, ते सकाळी आणि संध्याकाळी विभागून द्या. बुंध्याभोवती भाताच्या पेंढ्याचे ५ ते ७ सेंटिमीटर आच्छादन घाला. दुपारनंतरच्या बाजूला ३५ टक्क्यांची शेडनेट बांधली तर फरक पडतो. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर तोही ताणच आहे. ते चाखून बघा आणि एकदा तपासून घ्या. हे सगळे केल्यावर आधी वाढलेल्या काकड्या गोड होणार नाहीत. त्या काढून टाका आणि आठवडा-दहा दिवसांनी नव्याने वाढलेल्या काकडीवरून निकाल ठरवा.

घरी खाताना कडूपणा देठाकडे आणि सालीखाली जास्त असतो हे लक्षात ठेवा. देठाकडचा दोन बोटे भाग कापा आणि साल जाड काढा. टोक कापून घासल्यावर फेस येतो, पण माझ्या मते फायदा मुख्यतः कापण्याचा आहे, घासण्याचा नाही.

गळ ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथे परागाचा संबंध आहे, पण नेमका उलटा. तो कमी पडतोय. बोटाएवढी काकडी टोकाकडून पिवळी पडून सुकत असेल आणि तिच्यावर भोक नसेल, तर तिचे परागीभवन झालेले नाही. बारीक भोक, त्यावर डिंकासारखा थेंब आणि कापल्यावर आत अळ्या दिसल्या तर ती फळमाशी. टोकाला निमुळती किंवा वाकडी काकडी म्हणजे पराग आले पण अपुरे, त्यामुळे एका बाजूच्याच बिया भरल्या. मादी फूल एकच सकाळ कामाचे असते आणि त्यावर मधमाशी अनेकदा यावी लागते. म्हणून सकाळी कीटकनाशक फवारू नका, गरज असेल तर संध्याकाळी करा. मधमाश्या दिसत नसतील तर सकाळी ६ ते ९ मध्ये नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि परागकोश मादी फुलाच्या मधल्या तीन भागांच्या टोकावर हलकेच फिरवा. एका नर फुलाचे पराग एक-दोन मादी फुलांना पुरतात. दुधीसाठी हेच काम संध्याकाळी, फूल उमलल्यावर. सुरुवातीच्या काही दिवसांत नुसती नर फुलेच येतात आणि गळतात, ती गळ समजू नका. बियाणे पॉलिहाऊसच्या जातीचे असेल तर मात्र हाताने पराग लावायला जाऊ नका, अशा काकडीत बिया भरून एक बाजू फुगते.

तोडा एक दिवसाआड करा. आपण काकडी कोवळी खातो, पण वेलाला बी पिकवायचे असते. एक काकडी वेलावर राहून पिवळी झाली की नव्या काकड्या धरणे मंदावते.

बी घरचे ठेवत असाल तरच शेजाराचा विचार करा, आणि तोही दुसऱ्या काकडीचा किंवा तवशाचा. दोन जाती जवळ असतील तर उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी नर आणि मादी कळ्यांना कागदी पिशवी बांधा, सकाळी हाताने पराग लावा, मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला दोरा लावून खूण करा. ती काकडी वेलावरच पिवळी-तपकिरी होऊ द्या. संकरित वाणाचे बी ठेवून उपयोग नाही, पुढची पिढी सारखी येत नाही.

दुधीचे बी ठेवताना आणखी जपा. आसपास शोभेचा किंवा रानटी कडू दुधी असेल तर पुढच्या हंगामात कडू दुधी निघू शकतो, आणि तो काकडीसारखा देठ कापून खाण्याजोगा नसतो. कडू दुधीच्या रसाने उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही झालेले आहेत. तुकडा जिभेवर ठेवून बघा, कडू लागला तर थुंका आणि तो दुधी पूर्ण फेकून द्या. भाजी शिजवून किंवा रस गाळून कडूपणा जात नाही.