ब्रेड मेकरमधला पाव मधोमध बसतो, कधी फुगतच नाही

प्रश्न: "पाव छान वर येतो आणि बेक होताना मधोमध खचतो. नवीन यीस्ट आणलं तर कणीक फुगलीच नाही. पातंही पावात अडकतं. मशीन सर्व्हिसला द्यावं का?"

सर्व्हिसला एवढ्यात देऊ नका. मी दिलं होतं. त्यांनी कित्येक आठवडे ठेवून घेतलं, बेल्ट बदलल्याचे पैसे लावले, आणि घरी आल्यावर पहिलाच पाव वीट! यीस्ट कोणतं, कुठे ठेवता, हे एकानेही विचारलं नाही. अजून राग येतो.

न फुगण्याचं कारण बहुतेक वेळा यीस्टच असतं. अर्धा कप कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. वर जाड फेस आला नाही तर ते मेलेलं आहे. सुटं यीस्ट दुकानात उन्हाळाभर बाहेर पडून असतं, त्यामुळे मी ते घेतच नाही. तारीख बघून बंद पाकीट घ्या, फोडल्यावर घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा.

वर येऊन खचणं हा उलटा रोग. कणीक गरजेपेक्षा जास्त फुगते आणि बेकिंग सुरू होईपर्यंत तिच्यातली ताकद संपते. कापल्यावर वरच्या भागात मोठी भोकं दिसली तर हेच समजा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हे सर्रास होतं. ४०० ग्रॅम मैद्याला मी एरवी एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट घालते, उन्हाळ्यात पाऊण, आणि पाणी फ्रीजमधलं. मीठ सव्वा चमचा, ते कमी करू नका, यीस्टला तेच आवर घालतं. पाणी २५० मिलीपासून सुरू करा. मळणं सुरू झाल्यावर आठ-दहा मिनिटांनी झाकण उघडून बघा. गुळगुळीत गोळा हवा. भांड्याला चिकटून पसरत असेल तर मोठा चमचाभर मैदा घाला, कोरडा पडून ठोकत असेल तर छोटा चमचाभर पाणी. झाकण उघडायचं ते मळताना. फुगताना आणि बेक होताना नाही. गव्हाचं पीठ जास्त पाणी पितं, त्याला हे माप लागू नाही.

माझ्या मशीनला आधी पाणी-तेल, मग मीठ-साखर, वर मैदा आणि मैद्यात खळगा करून यीस्ट असा क्रम लागतो. काही मशीनना यीस्ट तळाशी लागतं, तिथे मॅन्युअलचंच ऐका. टायमर लावणार असाल तर यीस्टला पाणी लागता कामा नये, एवढं मात्र सगळीकडे सारखं.

पात्याचं म्हणाल तर, बसवण्याआधी दांड्याला तेलाचा थेंब लावा आणि पातं पूर्ण खाली बसलंय ना बघा. नीट बसलं नसेल तर कोपऱ्यात कोरडा मैदा राहतो. शेवटचं मळणं संपल्यावर ओल्या हाताने पातं काढून गोळा परत ठेवला की पावात भोक अगदी लहान पडतं. दांड्यालाच चिकटलं असेल तर भांड्यात कोमट पाणी भरून अर्धा तास ठेवा, पण अख्खं भांडं पाण्यात बुडवू नका. खालच्या सीलमध्ये पाणी शिरलं की मग खरोखरच सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.